‘उपवास करून या’ हे वाक्य चिठ्ठीवरून काढा

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला असते. आमच्या चिठ्ठीवर छापलंय, ‘तपासणीपूर्वी १०-१२ तास उपवास करावा. चहा, कॉफी, दूध, पाणी वगळता काहीही घेऊ नये.’ तरी रोज कुणी ना कुणी चहा पिऊन येतं, आणि काही जण घोटभर पाणीही न पिता येतात. ही सूचना नेमकी, आपुलकीची आणि गैरसमज होणार नाही अशी कशी लिहायची?

उत्तर: मी चोवीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून रक्त घेतोय. त्यातली बरीच वर्षं मीही असं समजत होतो की लोक चिठ्ठी वाचतच नाहीत. मग लक्षात आलं की लोक वाचतात, आणि जे लिहिलंय तेच करतात. तुमच्या चिठ्ठीतही तसंच झालंय.

पहिला शब्द ‘उपवास’. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि दिवसभरात तीन-चार वेळा चहा. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी प्रत्येक घरात ठरलेली आहे, आणि ती तुमच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी जुनी आहे. ‘उपवास करा’ म्हटलं की माणूस ती यादी उघडतो. त्यात चहा चालतो.

मला हे एका आषाढी एकादशीला कळलं. साठीच्या पुढच्या एक आजी पावणेआठला रक्त द्यायला आल्या. मी विचारलं, “आजी, उपाशीपोटी आहात ना?” त्या म्हणाल्या, “हो तर, एकादशी आहे आज.” मी सुई लावली. उपाशीपोटीची साखर १५२ आली. आधी त्यांना मधुमेह नव्हता. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त साखर दोन वेळा आली की मधुमेह धरतात, म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळी न देता पुन्हा तपासायला सांगितलं. चार दिवसांनी त्या आल्या तेव्हा मी प्रश्न बदलला. “शेवटचं काय खाल्लं-प्यायलं, आणि किती वाजता?” “रात्री आठला भाकरी-भाजी. सकाळी नुसतं पाणी.” साखर ९७ आली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ५.६ टक्के आली, म्हणजे मधुमेह नाही. मग मी एकादशीच्या दिवसाचं विचारलं. पहाटे पूजा झाल्यावर साडेसहाला वाटीभर खिचडी आणि चहा. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. माझा शब्दच चुकीचा होता, आणि डॉक्टर जरा घाईत असते तर एका निरोगी बाईच्या मागे आयुष्यभराची गोळी लागली असती.

मग ‘उपवास’ऐवजी ‘उपाशी’ लिहिलं तर? थोडं बरं, पण पुरेसं नाही. बोलण्यात ‘सकाळपासून उपाशी आहे’ म्हणजे जेवलो नाही. चहा आपण ‘घेतो’, ‘खात’ नाही, त्यामुळे तो मोजला जात नाही. झोपताना घेतलेलं हळदीचं दूध हे औषध असतं. सकाळचं कोमट पाणी, लिंबू आणि मध ही तब्येतीची सवय असते. देवपूजेनंतरचं पंचामृत तर तीर्थ, ते कुणी खाण्यात धरतच नाही. हे सगळं घेणारा माणूस मनापासून सांगतो की तो उपाशी आहे. म्हणून पदार्थांच्या जातीचं नाव लिहून भागत नाही. ज्या गोष्टी तुमच्या भागातले लोक सकाळी खरोखर तोंडात टाकतात, त्यांची नावं लिहावी लागतात. ‘अनशापोटी’ हा शब्द जुन्या लोकांना नीट कळतो आणि त्यात चहासुद्धा बसत नाही, पण तरुण मुलांना तो कळत नाही. मी तो बोलताना वापरतो, चिठ्ठीवर नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य मोठ्याने वाचून बघा: ‘चहा, कॉफी, दूध, पाणी वगळता काहीही घेऊ नये.’ तुम्हाला म्हणायचंय की फक्त पाणी चालेल. पण ‘वगळता’ हा शब्द एकट्या पाण्याला लागतो की चारही गोष्टींना? वाक्याप्रमाणे चारहींना. म्हणजे चहा, कॉफी, दूध आणि पाणी चालेल, बाकी काही नको, असा सरळ अर्थ निघतो. चहा पिऊन येणाऱ्यांनी तुमची सूचना तंतोतंत पाळलेली आहे. उलट ज्यांनी घाईने वाचलं, त्यांना यादीच्या शेवटी ‘पाणी’ आणि वाक्याच्या शेवटी ‘घेऊ नये’ एवढंच दिसलं. ते घसा कोरडा ठेवून आले. तुमच्या दोन्ही तक्रारी या एकाच ओळीतून आल्या आहेत.

मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. लांब वाक्यात तो येईपर्यंत वाचणाऱ्याने सुरुवातीच्या शब्दांवरून अर्थ लावलेला असतो. म्हणून चालणारी गोष्ट आणि न चालणारी गोष्ट एका वाक्यात कधीच ठेवू नका. ‘साधं पाणी प्या.’ इथे पूर्णविराम. मग वेगळं वाक्य. ‘वगळता’, ‘व्यतिरिक्त’, ‘शिवाय’, ‘खेरीज’ हे शब्द चिठ्ठीत दिसले की तिथे कुणीतरी फसणार असं समजा.

तिसरी अडचण तासांची. ‘१०-१२ तास’ हे गणित आपण वाचणाऱ्यावर टाकतो, आणि ते त्याला उलटं करावं लागतं: उद्या सकाळी किती वाजता जायचंय, त्यातून बारा वजा करा, म्हणजे आज रात्री कधी थांबायचं. पुष्कळ जणांना हे जमतं, पण रात्री साडेनऊला, जेवून झाल्यावर, चिठ्ठी हातात घेतल्यावर. तेव्हा उपयोग नसतो. काही लॅब सोपं करायचं म्हणून ‘रात्री १२ नंतर काही खाऊ नका’ असं लिहितात. त्यात माणूस अकराला आइस्क्रीम खाऊन सकाळी सातला येतो आणि आठच तास होतात. शिवाय ‘सोमवारी रात्री १२’ म्हणजे रविवार संपतानाचे बारा की सोमवार संपतानाचे, यावर घरात दोन मतं पडतात.

हे गणित तुम्ही करून द्या आणि वार, वेळ हाताने लिहा. आमच्याकडे उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइल, बहुतेक वेळा एकत्र असते. साखरेसाठी किमान ८ तास लागतात. लिपिडसाठी डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितलं असेल तर साधारण १० ते १२ तास धरतात. मी सकाळी साडेसातची वेळ देतो आणि रात्री साडेआठच्या आत जेवण संपवायला सांगतो. मधले तास ११ होतात. कुणी नऊ वाजेपर्यंत जेवला तरी साडेदहा होतात, आणि इथे गर्दीमुळे अर्धा तास थांबावं लागलं तरी बारा ओलांडत नाहीत. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवायची हे माझं अनुभवाने ठरलेलं आहे. माणसं घड्याळाबरोबर चालत नाहीत, आणि सूचनेने हे आधीच धरून चालावं.

वरची मर्यादाही असते, ती बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते. संध्याकाळी सहाला जेवणारे काका सकाळी दहाला आले तर १६ तास होतात. जास्त उपाशी राहिलं की रिपोर्ट जास्त चांगला येतो असं कित्येकांना वाटतं, आणि ते मुद्दाम रात्रीचं जेवण टाळतात. तसं होत नाही. फार वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली साखर आणि चरबी काढायला लागतं, आणि आकडे नेहमीसारखे राहत नाहीत. वर चक्कर येते ती वेगळीच. म्हणून ‘रात्रीचं जेवण नेहमीसारखं घ्या’ ही ओळ हवीच. ती नसली की एक गट काहीच जेवत नाही, आणि दुसरा गट उद्या उपाशी राहायचंय म्हणून आज मटणावर ताव मारून येतो. त्या दुसऱ्या गटाच्या ट्यूबा मी लगेच ओळखतो. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वरचा भाग, म्हणजे सीरम, फिकट पिवळा आणि पारदर्शक दिसायला हवा. चरबी वाढलेली असली की तो ताक घातल्यासारखा दुधाळ दिसतो. तसं सीरम दिसलं की मी रिपोर्ट काढायच्या आधी फोन करून विचारतो की रात्री काय आणि किती वाजता खाल्लं. काही माणसांची चरबी मुळातच एवढी जास्त असते, त्यामुळे दुधाळ सीरम म्हणजे खाऊन आलाच असं नाही. पण विचारायला हवं हे ते नक्की सांगतं.

याने रिपोर्ट नेमका कसा बिघडतो तेही सांगतो, कारण ‘चरबी थोडी जास्त दिसेल, एवढंच ना’ असं लोक म्हणतात. पुष्कळ लॅबमध्ये वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा भाग वजा करायचा. समजा एकूण २०० आहे, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५०. पाचवा भाग ३०, म्हणून एलडीएल १३०. आता हाच माणूस भरपूर खाऊन आला, बाकी सगळं तेच राहिलं आणि ट्रायग्लिसराइड ३०० झालं. पाचवा भाग ६०, एलडीएल १००. म्हणजे खाऊन आल्यामुळे त्याचं वाईट कोलेस्टेरॉल कागदावर कमी दिसलं. तो खूश होऊन घरी जातो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं तर हा हिशेब वापरतच नाहीत.

आता एक गोष्ट जी मी कुणाला चिठ्ठी द्यायच्या आधी बघतो: या माणसाला उपाशी राहायची गरज आहे का? हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायची सीबीसी, एचबीए१सी, क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच यांना साधारणपणे उपाशीपोटी यावं लागत नाही. लिपिडसाठीसुद्धा युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकत्रितपणे सांगितलं की सरसकट उपाशी ठेवायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं दिसलं तर मग उपाशीपोटी पुन्हा करावं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर अजून उपाशीपोटीच मागतात, आणि जुन्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर त्यालाही अर्थ आहे. तुमच्या लॅबचा नियम काय, हे तुमच्या पॅथॉलॉजिस्टना विचारून पक्कं करा. तो निर्णय तुमचा किंवा माझा नाही. गरोदर बाईंची साखर तपासायची आपल्याकडची रूढ पद्धत तर जेवलेलं असो-नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्यायची आहे. तरी सगळ्यांना एकच चिठ्ठी दिली जाते, आणि सातव्या महिन्यातली बाई पहिल्या एसटीने रिकाम्या पोटी येऊन बाकावर बसलेली दिसते. मला ते बघवत नाही. म्हणून माझी विनंती आहे की उपाशीपोटीची चिठ्ठी वेगळ्या कागदावर ठेवा आणि ज्यांना लागते त्यांनाच द्या. बाकीच्यांना तोंडाने सांगा, “तुम्ही खाऊन-पिऊन या.”

गोळ्यांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त सावध असतो. ‘काहीही घेऊ नका’ वाचून लोक रक्तदाबाची गोळीही चुकवतात, आणि इथे येईपर्यंत दाब वाढलेला असतो. उलट साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली जाते. एकदा बाकावर बसलेले एक गृहस्थ घामाने डबडबले आणि बोलणं अडखळायला लागलं. बोटातून थेंब घेऊन बघितलं तर साखर ५४. इन्सुलिन टोचून आले होते आणि समोर सात माणसं रांगेत होती. ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर सावरले. त्या दिवसापासून आमच्या चिठ्ठीवर त्याची स्वतंत्र ओळ आहे, आणि इन्सुलिनवाल्यांचा नंबर पहिला लागतो. रात्रीच्या इन्सुलिनचं काय करायचं हे मात्र चिठ्ठी ठरवू शकत नाही. तिथे ‘आपल्या डॉक्टरांना आजच विचारा’ एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

पाण्याबद्दल लिहिताना ‘पाणी चालेल’ इतकं पुरत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं की चालेल, पण न घेतलेलं बरं. निर्जळी उपवास जास्त पुण्याचा, ही सवय मनात असतेच. म्हणून ‘पाणी प्या’ असं सरळ सांगा. रात्रभर पाणी न प्यायलेल्या माणसाची शीर सापडायला त्रास होतो, दोनदा टोचावं लागतं, आणि लघवीचा नमुना मागितला तर तोही होत नाही. ‘साधं’ हा शब्द मात्र सोडू नका. त्यात लिंबू, मध, जिरं, मेथी, काढा काही नको.

आता आपुलकीचं. आपुलकी म्हणजे सुरुवातीला ‘सन्माननीय ग्राहक’ आणि शेवटी ‘सहकार्याबद्दल आभारी आहोत’ लिहिणं नव्हे. ‘सक्त मनाई आहे’, ‘अन्यथा तपासणी केली जाणार नाही’ अशा ओळी वाचून माणूस सुधारत नाही, लपवतो. सकाळी चुकून बिस्किट खाल्लेला माणूस ती ओळ आठवून काउंटरवर ‘काही नाही खाल्लं’ म्हणतो, कारण त्याला पंचवीस किलोमीटर परत जायचं नसतं. आपल्याला त्याच्या तोंडून खरं हवंय. म्हणून चिठ्ठीत एक ओळ अशी हवी की ती वाचून खरं बोलायला भीती वाटू नये. माझ्या मते अख्ख्या चिठ्ठीतली ही सर्वांत कामाची ओळ आहे. आणि तिच्यामागे तुम्ही खरोखर उभं राहायला हवं. कुणी चहा प्यायल्याचं सांगितलं तर कपाळावर आठी न आणता दुसरी वेळ द्या, किंवा डॉक्टरांना विचारून, रिपोर्टवर ‘सकाळी ७ वाजता चहा घेतला’ अशी नोंद करून रक्त घ्या.

आम्ही सध्या वापरतो ती चिठ्ठी अशी आहे. मोकळ्या जागा पेनाने भरतो.

> तुमचं रक्त घ्यायची वेळ: सोमवार, सकाळी ७:३०
>
> रविवारी रात्री ८:३० च्या आत जेवण संपवा. नेहमीसारखं जेवा. जेवण टाळू नका, जास्तही जेवू नका.
>
> त्यानंतर फक्त साधं पाणी. तहान लागेल तेवढं पाणी प्या. सकाळी उठल्यावरही प्या.
>
> रक्त देईपर्यंत हे नको: चहा (कोरा किंवा बिनसाखरेचासुद्धा), कॉफी, दूध, लिंबू-मध पाणी, काढा, फळ, प्रसाद, उपवासाचे पदार्थ, तंबाखू, मशेरी, विडी-सिगारेट, सुपारी.
>
> रक्तदाबाची गोळी: रोजच्या वेळी, साध्या पाण्याबरोबर घ्या.
>
> साखरेची गोळी किंवा इन्सुलिन: सकाळी घेऊ नका. सोबत आणा. रक्त दिल्यावर, खाताना घ्या. रात्री इन्सुलिन घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना आजच विचारा.
>
> येताना डबा घेऊन या. रक्त दिल्यावर लगेच खाता येईल.
>
> चुकून काही खाल्लं-प्यायलं? होतं असं. आल्यावर आम्हाला सांगा, आपण दुसरी वेळ ठरवू. वाटेत चक्कर, घाम, थरथर वाटलं तर साखर किंवा काहीही गोड लगेच खा. तपासणी नंतर करता येते.

गोळ्यांच्या ओळी तुमच्या डॉक्टरांनी वाचून मान्य केल्याशिवाय छापू नका. थायरॉइडची तपासणी असेल तेव्हा आम्ही ‘थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या’ अशी ओळ हाताने वाढवतो. छापत नाही, कारण ज्यांचा तिच्याशी संबंध नाही ते ती वाचून आपली दुसरीच कुठलीतरी गोळी थांबवतात.

या चिठ्ठीत ‘१०-१२ तास’ कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. आधी मी ‘११ तास’ कंसात लिहीत होतो. त्यामुळे हुशार माणसं वेळ सोडून तास मोजायला लागली: मी आठला जेवलो म्हणजे सातला आलो तरी चालेल, किंवा दहाला जेवलो तर नऊला जाईन. दोन आकडे दिले की माणूस सोयीचा आकडा निवडतो. आता एकच वेळ लिहितो. ज्याला ती जमत नाही तो विचारतो, आणि मग आम्ही त्याच्यासाठी दुसरी वेळ लिहून देतो. ‘उद्या’ हा शब्दही मुद्दाम टाळलाय. चिठ्ठीचा फोटो मुलगा संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पाठवतो आणि ती तो दुसऱ्या दिवशी बघते, मग ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो. वार कधी सरकत नाही.

काहींनी चित्रं काढून बघितली आहेत, चहाच्या कपावर लाल फुली वगैरे. आम्हीही केलं. पण चिठ्ठीची झेरॉक्स काढली की लाल फुली करडी होते आणि अंधूक दिसणाऱ्या माणसाला नुसता कप दिसतो, म्हणजे चहा घ्या. चित्र टाकायचंच असेल तर फक्त पाण्याच्या पेल्याचं टाका. जे करायचंय तेच दिसू द्या.

पण चिठ्ठी कितीही चांगली झाली तरी काउंटरवरचा प्रश्न बदलला नाही तर अर्धं काम वाया जातं. ‘उपाशी आहात ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. रांगेत उभा असलेला कोणताही माणूस ‘हो’च म्हणणार. ‘शेवटचं काय घेतलं, किती वाजता?’ असं विचारा, आणि जे सांगतील ते वहीत लिहा. मग पुन्हा एक: ‘सकाळी उठल्यावर तोंडात काय काय गेलं?’ पहिल्या प्रश्नाला ‘रात्री भात’ म्हणणारे लोक दुसऱ्या प्रश्नाला ‘तेवढी मशेरी लावली’ म्हणतात. आणि चिठ्ठी देतानाही, समजलं का असं विचारू नका. ‘मावशी, सोमवारी उठल्यावर काय काय कराल ते मला सांगा बरं’ असं म्हणा. “उठेन, तोंड धुईन, चहा टाकेन…” इथेच त्या थांबतात आणि स्वतःच हसतात. एका मिनिटाचं काम आहे.

नवीन चिठ्ठी छापायच्या आधी ती पाच माणसांना दाखवा, पण लॅबमधल्या नाही. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाला, शेजारची आजी, दहावीतला मुलगा, लॅबच्या कामाचा गंध नसलेला एखादा नातेवाईक. वाचून झालं की कागद काढून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: जेवण कधी थांबवाल, सकाळी काय पिणार, गोळीचं काय कराल. जिथे दोघं चुकतात ती ओळ तुमची चूक आहे, ती पुन्हा लिहा. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘हलका आहार घ्या’ असं होतं. आजींनी सांगितलं की त्या मग दूध-पोहे खातील, झोपताना. तो शब्द गेला आणि ‘नेहमीसारखं जेवा’ आलं.

जेवणानंतरच्या साखरेसाठी, ज्याला सगळे ‘पीपी’ म्हणतात, मी वेगळा छोटा कागद देतो, कारण तिथली चूक वेगळी असते. ‘जेवणानंतर २ तासांनी या’ म्हटलं की लोक हात धुतल्यापासून मोजतात. मोजायचं पहिल्या घासापासून. म्हणून कागदावर लिहिलंय, ‘पहिला घास घेताना घड्याळ बघा. ती वेळ इथे लिहा: ____. त्यात २ तास मिळवा: ____. त्या वेळी इथे हजर राहा.’ दुसरी मोकळी जागा कशी भरायची ते काउंटरवरची मुलगी कागद देतानाच समजावून सांगते. मध्ये फक्त पाणी, आणि साखरेची रोजची गोळी रोजच्यासारखी. हा कागद दिल्यापासून अडीच तासांनी धापा टाकत येणारे लोक बंद झाले.

शेवटी कॅलेंडर. वेळ देताना उपवासाचा वार बघत चला. संकष्टीला लोक चंद्रोदयानंतर जेवतात, म्हणजे रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. त्यांना तुम्ही साडेआठ लिहून दिलं तर ते एक तर संकष्टी मोडतील किंवा तुमची वेळ पाळणार नाहीत, आणि बहुतेक वेळा तुमची वेळच जाते. दुसऱ्या दिवशीचं रक्त एक दिवस पुढे ढकला. रमजानमध्ये रोजा ठेवणारे पहाटे सहरी करतात आणि दिवसा पाणीही घेत नाहीत. त्यांच्या डॉक्टरांची घाई नसेल तर मी ईदनंतरची वेळ देतो. आणि एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार असला तर चिठ्ठी देताना तोंडाने एवढं नक्की म्हणा: “रक्त दिल्यावर खिचडी खा. इथेच बसून खा, आम्ही जागा देतो.”